तो स्क्रीनशॉट मी पुढे वाचला नाही

इंदूर

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद. काल रात्री तू पाठवलेला स्क्रीनशॉट उघडला. वरच्या दोन ओळी आणि खाली प्रिस्क्रिप्शनचा फोटो दिसला, त्यावर मुलीचं पूर्ण नाव. तिथेच बंद केला. "मॅडम, सल्ल्याला आलेला मुलगा विचारतोय की या गोळ्यांवरून आजार कोणता ते सांगा, म्हणजे स्थळाला होकार द्यायचा की नाही ते ठरवतो," असं तू लिहिलंस. याचं उत्तर मी देणार नाही, आणि तूही देऊ नकोस.

आधी हे बघ की त्या कागदातून उत्तर निघतच नाही. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाला देतात, मायग्रेनला देतात, हात थरथरतात त्यालाही देतात आणि घाबरेपणालाही. व्हॅलप्रोएट फिट्सना देतात, तसंच मनोविकारातही देतात. (त्या कागदावर यातलं काही होतं की नाही, ते मी सांगत नाही.) तपासणाऱ्या डॉक्टरशिवाय कोणी फक्त गोळीच्या नावावरून निदान सांगत असेल, तर तो अंदाज आहे. आपण समुपदेशक म्हणून सांगितलेला अंदाज समोरचा निदान समजून घरी नेतो, आणि पुढे ते मुलीच्या सगळ्या नात्यात फिरतं. तिने तो कागद मैत्रिणीला विश्वासाने दाखवला होता. तो चुलतभावामार्फत आपल्यापर्यंत आला, हे तिला ठाऊकही नाही.

"नाव काळं करून पाठवू का?" असं तू विचारलंस. मी माझ्या विजेच्या बिलावर करून बघितलं. फोनमधल्या मार्करने ग्राहक क्रमांकावरून एकदा काळी रेघ ओढली आणि मग फोटोचा ब्राइटनेस वाढवला. आकडे चक्क वाचता आले, कारण ती रेघ पूर्ण अपारदर्शक नसते. भरीव काळा चौकोन टाकला तर आकडे झाकतात, पण माणूस झाकत नाही. आपल्या इंदुरात मराठी घरं ती किती! "लोकमान्यनगरची, बँकेत नोकरी, भाऊ पुण्याला" एवढं म्हटलं की कोणीतरी म्हणणारच, अच्छा, त्यांची का. ही चूक मी स्वतः केली आहे. एका कार्यक्रमात नाव न घेता एक केस सांगितली, आणि चहाच्या वेळी एका बाईने मला त्या घराचा पत्ता सांगितला. त्या कुटुंबाने पुन्हा माझं तोंड पाहिलं नाही.

त्या मुलाला मात्र नुसतं "नाही" सांगून परत पाठवू नकोस. तो घाबरलाय, त्याला लाजवायचं नाही. मी असं म्हटलं असतं: "हे मी वाचणार नाही, कारण जिचं आहे तिला माहीत नाही. फोन बाजूला ठेव. तुला नक्की कशाची भीती वाटते ते तुझ्या शब्दांत सांग." मग गोळ्यांऐवजी त्याच्यावर बोलणं सुरू होतं: लग्नानंतर कळलं तर काय, घरचे काय म्हणतील, आजारी माणसाबरोबर राहणं जमेल का. हे सगळं स्क्रीनशॉटशिवाय बोलता येतं.

नंतर त्या मुलीशी काय बोलायचं, ते दोघे मिळून लिहून काढा. सुरुवात त्याने स्वतःपासून करावी: "लग्नाआधी आपण एकमेकांना तब्येतीबद्दल मोकळेपणी सांगू या. मला लहानपणापासून दमा आहे..." जे खरं असेल ते. कागद पाहिलाय हेही त्याने सांगावं असं माझं मत आहे. न सांगता विचारलं तर ती परीक्षा होते, आणि आपला कागद फिरतोय हे कळण्याचा हक्क तिला आहेच. पण ते त्याच्यावर लादू नकोस. ती सांगायला तयार झाली, तर दोघांनी मिळून तिच्या डॉक्टरांकडे जावं, हे सगळ्यात सरळ.

आता तुझ्या फोनचं. मला पाठवलेला मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" कर. ती मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते, म्हणून आजच. तेवढ्याने भागत नाही. व्हॉट्सअॅपने तो फोटो गॅलरीतही ठेवलेला असेल. गुगल फोटोजमध्ये बॅकअप असेल तर डिलीट केलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून राहतो, ट्रॅशही रिकामा कर. माझ्याकडची प्रत मी पुसून टाकली.

एका वेळी मात्र हे सगळं उलटं होतं. स्क्रीनशॉटमध्ये कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर तेवढ्या ओळी वाच आणि लगेच मला फोन कर, कितीही वाजले असोत. टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांनाही दे. आणि धमकी किंवा ब्लॅकमेल असेल, तर ज्याला ती आली त्याच्या फोनमधलं काहीही पुसू देऊ नकोस, कापू देऊ नकोस. तो पुरावा असतो.

शनिवारी येशील तेव्हा तो मुलगा काय म्हणाला ते सांग. चुलतभावाने अजून कोणाकोणाला पाठवलंय, तेवढं त्याला आजच विचारून ठेव.

तुझी,
मॅडम