काकांना ग्रुपवर नको, फोनवर गाठ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओवर तू लिहून ठेवलेलं उत्तर वाचलं. मुद्देसूद आहे, पण ते ग्रुपवर टाकू नकोस. ज्यांनी घरातली निम्मी लग्नं जमवली, त्या माणसाला सगळ्या सुना-जावयांसमोर पुतणीने खोटं पाडलं की व्हिडिओ खरा की खोटा हा प्रश्नच मागे पडतो. मग चर्चा तुझ्या बोलण्याच्या पद्धतीची होते. आत्या हात जोडल्याचं चित्र टाकते, कुणीतरी ‘ग्रुप फक्त आनंदाच्या बातम्यांसाठी आहे’ असं लिहितं आणि काका संध्याकाळपर्यंत त्याच चालीचे आणखी तीन मेसेज टाकतात. तुझा हेतू हा नाही ना?

आता व्हिडिओकडे येऊ. टोप्या घातलेली माणसं जेवणाची ताटं-चमचे चाटताहेत, आणि वर ओळ आहे की हॉटेलांतून असा रोग पसरवतात. हा व्हिडिओ माझ्या जुन्या ओळखीचा आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमाची बातमी गाजत होती तेव्हा, ‘कोरोना पसरवण्यासाठी भांडी चाटतात’ म्हणून तोच सगळीकडे फिरला होता. पडताळणी करणाऱ्यांनी तेव्हाच शोधून काढलं की तो २०१८ पासून इंटरनेटवर आहे. म्हणजे तो कोरोनाच्या आधीचा. त्यातली माणसं दाऊदी बोहरा समाजाची आहेत. मुंबईत भेंडीबाजारात गेली असशील तर हा समाज तू पाहिला आहेस. एका मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवायचं आणि अन्नाचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. व्हिडिओत तेच चाललं आहे.

हे तू स्वतः शोधून पाहा, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. काकांनाही तू काय सापडलं यापेक्षा कसं शोधलं हेच दाखवायचं आहे. व्हिडिओ थांबवून, चेहरे आणि भांडी स्पष्ट दिसतील अशा दोन-तीन ठिकाणी स्क्रीनशॉट घे. कडेला चिकटवलेला मजकूर कापून टाक, नाहीतर शोध त्या मजकुराच्या मागे जातो. मग गूगल लेन्समध्ये ती चित्रं टाक. जे सापडेल त्यात सर्वांत जुनी तारीख कुठली तेवढंच आधी बघ. व्हिडिओ आज घडलेल्या गोष्टीचा म्हणून फिरत असेल आणि तो आठ वर्षांपूर्वी कुठेतरी चढवलेला दिसला, तर दाव्याचा कणाच मोडतो. पुढचा तपशील नंतर वाच.

मर्यादाही सांगतो. लेन्सला चित्र कळतं, आवाज कळत नाही. खऱ्या दृश्यावर दुसरीकडचा आवाज चढवला असेल तर या मार्गाने तो पकडता येणार नाही. आणि शोधात काहीच आलं नाही म्हणून मेसेज खोटा ठरत नाही. तेव्हा ‘मला याचा आधार सापडला नाही’ एवढंच म्हणायचं. ‘फेक आहे’ हा शब्द हातात पुरावा असल्याशिवाय वापरायचा नाही. एकदा तू चुकीचं फेक म्हणालीस की पुढची पाच वर्षं काका तेच उदाहरण देतील.

मेसेजच्या डोक्यावर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड’ असं दिसतं ना, त्याचा अर्थ तो किमान पाच हातांतून पुढे आला आहे. काकांशी बोलताना याचा चांगला उपयोग होतो, कारण दोष त्यांच्यावर येत नाही. ‘तुम्ही बनवलेला नाही, तुमच्यापर्यंत आलेला आहे’ इथून सुरुवात करता येते.

फोन आजच कर, मेसेज टाकून साधारण अडीच दिवस होईपर्यंतच तो टाकणाऱ्याला सर्वांकडून पुसता येतो. अ‍ॅडमिनलाही पुसता येतो, पण मग त्या जागी अ‍ॅडमिनने काढल्याची ओळ राहते आणि काकांचा अपमान कायमचा टांगला जातो. दादाला ते काम सांगू नकोस. काकांनी स्वतः काढला तर विषय तिथेच मिटतो.

आधी तब्येत विचार, मग व्हिडिओवर ये. ‘काका, तो भांड्यांचा व्हिडिओ मी बघत होते. जुना निघाला, २०१८ चा. बोहरी लोकांच्या जेवणाचा आहे. लिंक तुम्हालाच पाठवलीय, ग्रुपवर नाही.’ एवढं बोलून थांब. त्यांना वाचू दे. मग पणजोबांची आठवण काढ. जेवण झालं की ते ताटात पाणी ओतून, ताट धुऊन तेच पाणी प्यायचे, हे काकांनी तुम्हा पोरांना कौतुकाने सांगितलेलं आहे. त्याचा कुणी व्हिडिओ काढून खाली भलतंच काही लिहिलं असतं तर? काकांना तुलना समजावून सांगू नकोस. आठवण काढ आणि सोडून दे.

ते म्हणतील, ‘हा खोटा असेल, पण हे लोक तसे आहेतच.’ हे जवळजवळ ठरलेलं उत्तर आहे. तिथे वाद घालायला बसू नकोस, त्यांचं मत बदलायला तू फोन केलेला नाहीस. ‘तुमचं मत तुमच्याकडे, पण हा व्हिडिओ तेवढा काढता का?’ इतकीच मागणी ठेव. काढला तर आभार मान, आणि ग्रुपवर अवाक्षर काढू नकोस.

आणखी एक, जरा टोचेल. तुझ्या आवडत्या पक्षाच्या बाजूचे फॉरवर्ड तू किती वेळा तपासतेस? गेल्या निवडणुकीत तुझ्या चुलतभावाने विरोधी नेत्याच्या तोंडी घातलेलं वाक्य टाकलं, वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या रूपात. तू हसण्याचं चित्र टाकलंस. काकांच्या ते लक्षात असणार. त्या दैनिकाच्या ई-पेपरमध्ये त्या तारखेचं पान उघडून कात्रण खरं की नाही हे बघता येतं. आपल्या बाजूचं असं एखादं ग्रुपवर उघडपणे दुरुस्त कर. त्यानंतर काकांना केलेला फोन वेगळा ऐकला जाईल.

आधी फोन, ग्रुपवर नाही, हा नियम एकाच प्रसंगी मोडायचा. मेसेज कुणाकडे तरी बोट दाखवून ‘हे आत्ता इथे आलेत’ म्हणत असेल तर थांबायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. असा मेसेज आला की काकांच्या मानाचा विचार दुसऱ्या नंबरावर. ग्रुपवर दोनच ओळी लिही: ‘याला आधार सापडलेला नाही, पुढे पाठवू नका, शंका असेल तर ११२ ला फोन करा.’ टोमणा नको. काकांना फोन त्यानंतर कर.

रोजचे शुभेच्छांचे, चमत्कारांचे, ‘अकरा जणांना पाठवा’वाले मेसेज मात्र सोडून दे. प्रत्येकाला उत्तर द्यायला गेलीस तर महत्त्वाच्या वेळी तुझं कुणी वाचणार नाही.

आणि काका सात ते नऊ टीव्हीवरच्या चर्चा बघतात, हे तूच सांगितलं होतंस. त्या वेळात फोन करू नकोस, दुपारच्या चहाला कर.

तुझा,
सर