वाळूजमध्ये नोकरीत राहून दुसरी शोधताना

नोकरी डॉट कॉमवर सध्याच्या कंपनीला ब्लॉक करण्याची सोय आहे. मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण तिच्या भगिनी कंपन्या आणि तिला माणसे पुरवणाऱ्या कन्सल्टन्सी वेगळ्या नावाने खाते चालवतात, म्हणून तीही नावे एकेक करून त्या यादीत घाला. माझे बिंग असेच फुटले: बायोडेटा एका कन्सल्टन्सीच्या हाती लागला आणि तिने तो आमच्याच एचआरकडे धाडला. (वाळूजला तसेही बहुतेक एचआरवाले एकमेकांच्या ओळखीचे असतात.) म्हणून कन्सल्टन्सीचा फोन आल्यास, कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय बायोडेटा पुढे पाठवू नये, असे आधीच बजावा. मुलाखत चाकणला असेल, तर आपल्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घ्या. संदर्भासाठी मात्र जुन्या कंपनीतल्या साहेबांचेच नाव द्या.