1,86,400 विसरा, पण टॅक्स म्हणून भरलेले 20,000 विसरू नका

वकीलसाहेब, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, खासगी नोकरी करतो. टेलिग्रामवरच्या लिंकवरून लाल-हिरव्या रंगाचा अंदाज सांगायचे ॲप घेतले. 500 रुपये टाकले तर 800 खात्यात परत आले, 2,000 टाकले तर 3,100 आले. मग 5,000, 10,000 आणि 25,000 टाकले. वॉलेटमध्ये 1,86,400 दिसतात, पण 16 दिवसांपासून ‘प्रोसेसिंग’ चालू आहे. कस्टमर केअर म्हणते, 30 टक्के टॅक्स, म्हणजे 55,920 आधी भरा. सहा दिवसांपूर्वी त्यातले 20,000 भरले. परवा बँकेत कळले की माझ्याच खात्यातले 3,100 दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी रोखले आहेत. उरलेला टॅक्स भरावा का? आणि माझे पैसे मिळतील ना?

उरलेला टॅक्स भरू नये. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही, कारण तुम्ही ज्याला ‘माझे पैसे’ म्हणता त्यात तीन वेगवेगळ्या रकमा एकत्र झाल्या आहेत आणि कायदा त्या तिन्हींकडे एकाच नजरेने पाहत नाही.

पहिली रक्कम 1,86,400 रुपयांची. ती सोडून द्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. शिवाय हा आकडा ॲप चालवणाऱ्याने पडद्यावर लिहिलेला आहे, त्यामागे कोणत्याही बँकेत एक रुपयाही ठेवलेला नसावा. या प्रकारची पत्रे माझ्याकडे सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तक्रारीचे पहिले वाक्य ‘मी जिंकलेले पैसे कंपनी देत नाही’ असे असते. या एका वाक्याने तक्रारदार फसवणुकीचे प्रकरण स्वतःच्या हाताने जुगाराच्या उधारीचे करून टाकतो आणि ठाण्यातील हवालदारालाही ते बाजूला ठेवायला निमित्त मिळते.

दुसरी रक्कम खेळण्यासाठी टाकलेल्या 42,500 रुपयांची. ही रक्कम तुम्ही स्वतःच्या मर्जीने पणाला लावली होती, असे विरुद्ध बाजू म्हणू शकते. निकाल आधीच ठरवलेला होता, सुरुवातीचे दोन छोटे विजय हे केवळ आमिष होते आणि पैसे परत द्यायचा इरादा पहिल्या दिवसापासूनच नव्हता, हे दाखवता आले तर तीही फसवणुकीतच मोडते. माझ्या मते तसे दाखवता येण्याजोगे आहे, पण न्यायालय ते मान्य करीलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तिसरी रक्कम टॅक्सच्या नावाने घेतलेल्या 20,000 रुपयांची, आणि तुमचे सगळे प्रकरण या रकमेवर उभे राहील किंवा पडेल. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के कर आहे, हे खरे आहे. आयकर कायदा, 1961 मध्ये 1 एप्रिल 2023 पासून तशी तरतूद करण्यात आली आणि ठगांनी नेमका हाच खरा आकडा हाताशी धरला आहे. मात्र हा कर पैसे देणाऱ्याने देण्याच्या रकमेतूनच कापून सरकारकडे भरायचा असतो. खेळणाऱ्याने तो आधी वेगळा भरावा, तोही कुणाच्या व्यक्तिगत यूपीआय आयडीवर, अशी कोणतीही तरतूद नाही. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर नोंदला जातो आणि फॉर्म 26 एएसमध्ये दिसतो. तुमच्या 20,000 ची नोंद तिथे दिसणार नाही, आणि ही न दिसणारी नोंद तुमच्या बाजूचा कागद आहे, म्हणून तो फॉर्म डाउनलोड करून तक्रारीला जोडा. त्यांचा हिशोबही चुकलेला आहे. कर निव्वळ रकमेवर असतो. आधी मिळालेले 3,900 आणि आता काढायचे 1,86,400 यांच्या बेरजेतून टाकलेले 42,500 वजा केले तर 1,47,800 उरतात आणि त्याचे 30 टक्के 44,340 होतात, 55,920 नव्हेत. खऱ्या कंपनीच्या संगणकाकडून इतकी ढोबळ चूक सहसा होत नाही.

थोडक्यात, या 20,000 च्या बाबतीत पैजेचा प्रश्नच येत नाही. सरकारी कराची खोटी बतावणी करून तुमच्याकडून पैसे घेतले गेले, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मधील फसवणूक ती हीच. या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66डी ही सोबत लावण्याची मागणी करावी, मात्र ते लागू होते का हे समोरच्याने कोणाचे सोंग घेतले होते यावर अवलंबून राहील.

आता उशिराबद्दल. 16 दिवस ‘प्रोसेसिंग’ पाहत बसण्यापेक्षा त्याच संध्याकाळी 1930 या क्रमांकावर फोन केला असता, तर आज मला वेगळे पत्र लिहिता आले असते. कारण 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे पोहोचते आणि त्या खात्यात जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढीच रोखली जाते. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. त्यांत आलेले पैसे काही मिनिटांत दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून निघतात. त्यामुळे 25,000 बद्दल मला फारशी आशा नाही. सहा दिवसांपूर्वीच्या 20,000 पैकी काही अडकले असण्याची शक्यता थोडी आहे, आणि एखाद्या दुसऱ्या पीडिताने त्याच खात्याविरुद्ध आधीच तक्रार केली असेल तर ती थोडी वाढते. म्हणून हे उत्तर वाचून होताच 1930 ला फोन करा. रविवार असला तरी थांबू नका.

तक्रारीत पाचही व्यवहार आणि टॅक्सचा सहावा व्यवहार वेगवेगळे लिहा. प्रत्येकासाठी तारीख, वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आयडी आणि 12 अंकी यूटीआर क्रमांक हवा. हा क्रमांक बँकेच्या विवरणात मिळतो. ॲपमधील ‘ऑर्डर नंबर’ बँकेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, आणि लोक नेमका तोच लिहून पाठवतात. मिळालेले 800 आणि 3,100 ही लपवू नका. मागणी 62,500 वजा 3,900, म्हणजे 58,600 रुपयांची ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात टॅक्सची बतावणी लिहा, खेळाची हकीकत त्यानंतर येऊ द्या.

रोखलेल्या 3,100 चे कोडे तुम्हाला पडले आहे, पण त्यात गूढ काही नाही. तुम्हाला ‘जिंकल्याचे’ म्हणून जे पैसे आले ते बहुधा तुमच्यासारख्याच कुणा दुसऱ्या माणसाने टाकलेले होते. त्याने त्याच्या गावी तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि तो तुमच्या खात्यापर्यंत आला. त्यांच्या कागदावर सध्या तुम्ही पैसे घेणारे आहात, म्हणून गप्प राहणे तुम्हाला परवडणार नाही. बँकेकडे लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक आणि ठाण्याचे नाव मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि त्या तपास अधिकाऱ्याला खात्याचे विवरण व तुमच्या स्वतःच्या तक्रारीची पावती जोडून ई-मेल करा. तुम्ही परवा बँकेत गेलात आणि तोंडी उत्तर ऐकून परत आलात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. पुढच्या वेळी कागद घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. उद्या बँकेने संपूर्ण खातेच गोठवले आणि पगार अडकला, तर गोठवणूक 3,100 पुरतीच ठेवावी अशी लेखी मागणी करा. खाते गोठवणे पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरते मर्यादित ठेवावे, असे निर्देश केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बँकांना दिले होते. ते आपल्या मध्य प्रदेशात बंधनकारक नसले तरी इंदूर खंडपीठापुढे त्याचा आधार घेता येईल.

पोर्टलवरची पावती म्हणजे एफआयआर नव्हे. छापील तक्रार घेऊन तुमच्या हद्दीच्या ठाण्यात किंवा क्राइम ब्रँचच्या सायबर शाखेत जा. गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते. इंदूरमध्ये 2021 पासून आयुक्तालय असल्याने ती पोलीस उपायुक्तांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि तरीही काही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करा. तुम्ही स्वतः खेळलात म्हणून तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल, ही भीती बहुतेकांना ठाण्याच्या दारातून परत पाठवते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातील शिक्षा असा खेळ चालवणाऱ्या, त्याची जाहिरात करणाऱ्या आणि त्याच्या पैशांची ने-आण करणाऱ्यांसाठी आहे. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा नाही. 1867 चा जुना जुगार कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे, त्यामुळे धोका शून्य आहे असे मी लिहिणार नाही. पण तक्रारीत खोटे लिहिण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

रक्कम रोखली गेली तरी ती आपोआप परत येईल असे धरून चालू नका. ती सोडवण्यासाठी अनेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, ज्याला आपल्याकडे कोर्टाच्या आवारात सगळे सुपुर्दगी म्हणतात. कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, किती रक्कम रोखली आहे याचा पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय आदेश होणे कठीण असते. तो अहवाल मागवण्यातच तारखा जातात आणि वीस हजारांसाठी माणूस वीस वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढतो, हे मी लपवत नाही. त्याच खात्यावर आणखी दावेदार असतील तर पूर्ण रक्कम तुम्हाला मिळेलच असेही नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी तपास अधिकाऱ्याकडून रोखलेल्या रकमेचा तपशील लेखी मागत राहा. वकिलाची फी त्यानंतर ठरवा, आधी नव्हे. बँकेकडून भरपाईची अपेक्षा ठेवू नका, कारण रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे आणि तुम्ही पिन स्वतः टाकला होता.

ॲप आणि टेलिग्रामवरचे संभाषण रागाने पुसू नका. वॉलेटचा पडदा, टॅक्स मागणारे संदेश आणि त्या माणसाचा टेलिग्राम आयडी दिसेल अशी ध्वनिचित्रफीत दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पुरावा म्हणून ती देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागेल, तेव्हा चित्रण कोणत्या फोनने आणि कोणत्या दिवशी केले याची नोंद आजच करा. ॲप लिंकवरून उतरवलेले आहे, म्हणून त्या फोनमधून बँकेचे व्यवहार थांबवा आणि बँकेचे पासवर्ड व यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला. कस्टमर केअरला तक्रार केल्याचे कळवू नका. ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी 5,000 भरा’ असा फोन येत्या काही दिवसांत येण्याची दाट शक्यता आहे. तो बहुधा त्याच टोळीचा असेल, आणि आला तर त्याचा क्रमांक व वेळ लिहून त्याच तक्रारीत पुरवणी म्हणून द्या.