लघवीतल्या क्रिएटिनिनवरून स्नायू मोजण्याआधी सगळी लघवी कॅनमध्ये आली होती का ते बघा

प्रश्न: बाबांचं वय ६४, वजन ६२ किलो. डॉक्टरांनी प्रोटीनसाठी २४ तासांची लघवी तपासायला सांगितली होती. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ७८२ मिग्रॅ आहे, एकूण लघवी ११५० मिली. रक्तातलं क्रिएटिनिन १.१. नेटवर वाचलं की १ ग्रॅम म्हणजे २० किलो स्नायू. मग बाबांचे स्नायू फक्त साडेपंधरा किलो? इतके कमी कसे?

उत्तर: मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करतो. असे रिपोर्ट रोज हातातून जातात, म्हणून सांगतो: या एका आकड्यावरून बाबांचे स्नायू आटलेत असं ठरवू नका.

मुळात कल्पना चांगली आहे. शरीरात क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो; तो जवळजवळ सगळा स्नायूंमध्ये असतो आणि त्यातलं रोज पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं. त्याला एन्झाइम लागत नाही, व्यायामाने फारसा फरक पडत नाही. तयार झालेलं क्रिएटिनिन शरीराच्या काही उपयोगाचं नसतं, ते लघवीवाटे निघून जातं. म्हणून दिवसभरात किती बाहेर पडलं यावरून किती स्नायू आहेत याचा अंदाज बांधता येतो. मांसाहार बंद ठेवलेल्या माणसात हा आकडा दिवसामागून दिवस बराच स्थिर राहतो, हे ओटो फोलिनने १९०५ मध्येच दाखवलं होतं.

तुम्ही वापरलेला २० चा हिशोब ढोबळ आहे. दुसरं एक सूत्र आहे, तेही बरंच वापरलं जातं: ग्रॅममधलं क्रिएटिनिन गुणिले १८.९, अधिक ४.१. ते निरोगी पुरुषांचं सीटी स्कॅन करून आणि त्यांना मांसविरहित आहारावर ठेवून बसवलेलं आहे. त्यात बाबांचा आकडा घातला तर १८.९ किलो येतात. तोच रिपोर्ट, पण दोन सूत्रांत तीन किलोंचा फरक. तेव्हा किलोत उत्तर काढायची घाई नको.

त्यापेक्षा या वयाच्या आणि वजनाच्या पुरुषाला साधारण किती यायला हवं ते काढू. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्रात तो हिशोब आतच दडलेला आहे: २८ मधून वयाचा पाचवा भाग वजा करा, म्हणजे दर किलो वजनामागे दिवसाला किती मिग्रॅ ते येतं. बाबांसाठी २८ वजा १२.८ म्हणजे १५.२, गुणिले ६२, साधारण ९४० मिग्रॅ. आले ७८२. म्हणजे अपेक्षेच्या ८३ टक्के.

आता यातली मेख. क्रिएटिनिन २४ तास जवळपास एकसारख्या वेगाने बाहेर पडतं. मधली चार तासांची एक लघवी कॅनमध्ये गेली नाही, तर २४ ऐवजी २० तासांचंच क्रिएटिनिन मोजलं जातं. ९४० चे २० तासांचे किती? ७८३. तुमचा अख्खा फरक त्या एका लघवीत बसतो!

हे किती सहज घडतं ते सांगतो. माणूस सकाळी संडासला जातो, तिथे लघवीही होते, आणि ती कॅनमध्ये जात नाही. संडासला बसण्याआधी कॅनमध्ये लघवी करायची, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. नाहीतर दुपारी बँकेत गेले, तिथेच जाऊन आले. उलटी चूकही होते. नियम असा की पहिल्या दिवशी सकाळी सातची लघवी टाकून द्यायची, घड्याळ तिथून सुरू, आणि दुसऱ्या दिवशी सातची मात्र धरायची. कोणी दोन्ही सकाळच्या धरल्या तर एक आख्खी रात्र जास्तीची येते आणि बाबांसारख्या माणसाचा आकडा बाराशेच्या वर जातो. कागदावर पैलवान!

आम्ही लॅबमध्ये क्रिएटिनिनकडे बघतो तेच मुळी कॅन पूर्ण आहे का हे ताडण्यासाठी. स्नायू साधारण एवढे असतील असं धरायचं आणि गोळा केलेली लघवी पूर्ण आहे का ते ठरवायचं. तुम्ही उलटं करताय: लघवी पूर्ण आहे असं धरून स्नायू ठरवताय. एकाच आकड्याला दोन्ही कामं एका वेळी सांगता येत नाहीत. आहाराच्या संशोधनात कॅन पूर्ण आहे का हे तपासायला पाबा नावाच्या पदार्थाच्या गोळ्या देतात. त्या जवळजवळ पूर्ण लघवीत उतरतात, त्यामुळे कॅनमध्ये पाबा कमी भरलं की गळती पकडली जाते. आपल्याकडे साध्या तपासणीत ते कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट जेवण. मटण किंवा चिकन शिजताना त्यातलं काही क्रिएटिन तिथेच क्रिएटिनिन होतं, आणि दोन्ही पाण्यात विरघळत असल्याने बरंचसं रश्शात उतरतं. ते पोटातून शोषलं जातं आणि त्या दिवशीच्या लघवीत येतं. समजा असं २०० मिग्रॅ आलं, तर २० च्या हिशोबाने कागदावर चार किलो स्नायू वाढले, रविवारच्या एका जेवणात. क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या जिममधल्या मुलांचा आकडाही असाच फुगतो. बाबा शाकाहारी असतील तर उलट बाजू लक्षात घ्या: त्यांचा आकडा तेवढेच स्नायू असलेल्या मांसाहारी माणसापेक्षा कमीच येणार.

किडनीबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो, की किडनी कमजोर झाली म्हणजे लघवीतलं क्रिएटिनिन लगेच कमी होतं आणि तसंच राहतं. तसं होत नाही. किडनी मंदावली की थोडे दिवस कमी बाहेर पडतं, तेवढ्यात रक्तातली पातळी चढते, आणि चढलेल्या पातळीवर पुन्हा रोज जेवढं तयार होतं तेवढंच बाहेर जाऊ लागतं. म्हणून बेताच्या बिघाडात रोजची लघवीतली बेरीज फारशी ढळत नाही. ती खरंच फसवी होते ती पुढच्या टप्प्यात, कारण रक्तात फार साचलेलं क्रिएटिनिन आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते फोडून टाकतात. मग स्नायू असतात त्यापेक्षा कमी दिसतात. बाबांचं रक्तातलं १.१ आहे, त्यामुळे हे कारण इथे लागू होत नाही. मात्र तपासणीच्या एक-दोन दिवस आधी त्यांना ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी सुरू झाली असेल, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनसाठी देतात ती, तर ते डॉक्टरांना सांगा. ती किडनीतून होणारा क्रिएटिनिनचा स्राव रोखते आणि पहिले काही दिवस आकडा खाली ओढते.

तर करायचं काय? स्नायूंचीच काळजी असेल तर आधी तीन-चार दिवस मांस-मासे बंद ठेवा आणि मग लागोपाठ तीन दिवस लघवी गोळा करा, रोजचा कॅन वेगळा, थंड जागी. सुरुवातीची आणि शेवटची वेळ कॅनवर लिहा. ९३०, ७९०, ९४५ असे आकडे आले तर मधल्या दिवशी काहीतरी सांडलंय किंवा राहिलंय. तिन्ही ७७० ते ८०० मध्ये आले तर मात्र आकडा खरा धरा, आणि हाताची पकड, चालण्याचा वेग, जमलं तर शरीरातले स्नायू आणि चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन यासाठी डॉक्टरांशी बोला. आणि हो, प्रोटीनचा रिपोर्टही त्याच कॅनमधून आलाय. कॅन अपुरा असेल तर तोही आकडा कमी दाखवतोय, म्हणून डॉक्टरांना प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो विचारा. त्यात दोन्ही एकाच लघवीतले असल्याने एखादी लघवी राहिली तरी हिशोब फारसा बिघडत नाही.