बँकेच्या नावाने येणारे ‘डीएम करा’ आणि मी पाठवलेला एक एसएमएस

प्रश्न: एक्सवर बँकेला टॅग करून तक्रार केली की काही मिनिटांत ‘डीएम करा’ असे उत्तर येते. यातले खरे खाते कोणते आणि बनावट कोणते, हे कसे ओळखायचे?

‘डीएम करा’ या शब्दांवरून काहीच ओळखता येत नाही, कारण खरी बँकसुद्धा तेच लिहिते. मी याच वाक्यावर विश्वास ठेवून पन्नास हजार रुपये गमावले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विलेपार्ल्यातल्या एका एटीएममधून मी दहा हजार रुपये काढायला गेले. नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. घरी येऊन मी बँकेला टॅग करून तक्रार लिहिली आणि काम लवकर व्हावे म्हणून तिच्यात माझा मोबाइल क्रमांकही दिला. सहा-सात मिनिटांत उत्तर आले. नाव बँकेचेच होते, त्यापुढे ‘ग्राहक सेवा’ असे शब्द होते, बोधचिन्ह होते आणि निळी खूणही होती. ही निळी खूण आता पैसे भरून मिळते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

डीएममध्ये लिहिणाऱ्याची भाषा अतिशय सभ्य होती. त्याने एक फॉर्म पाठवला. त्यात नाव, मोबाइल क्रमांक, तक्रारीची रक्कम आणि सर्वांत खाली ‘पडताळणीसाठी यूपीआय पिन’ असा रकाना होता. मी तो भरला. ही माझी चूक आहे आणि ती मी कधीही नाकारलेली नाही. त्यानंतर त्याने अक्षरे आणि आकडे यांची एक लांब, निरर्थक दिसणारी ओळ पाठवली आणि सांगितले, ‘हा तुमचा तक्रार क्रमांक आहे. तो दोन मिनिटांच्या आत या दहा आकडी क्रमांकावर एसएमएस करा, म्हणजे तिकीट उघडेल.’ मी तो केला. लगेच बँकेकडून इंग्रजीत संदेश आला की यूपीआय नोंदणी सुरू झाली आहे. असा संदेश येईल, हे त्याने आधीच सांगून ठेवले होते.

इथे नेमके काय घडले, ते मला नंतर समजले. आपण नवीन मोबाइलवर यूपीआयचे ॲप सुरू करतो, तेव्हा ते ॲप आपल्या सिममधून असाच एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवते. तो ज्या क्रमांकावरून आला, त्या क्रमांकाचे सिम त्याच मोबाइलमध्ये आहे असे समजून खाते त्या मोबाइलशी जोडले जाते. त्या माणसाने ॲप स्वतःच्या मोबाइलवर उघडले, बाहेर जाणारी ती ओळ उचलून मला दिली आणि मी ती माझ्या सिमवरून पाठवली. साहजिकच माझे खाते त्याच्या मोबाइलला जोडले गेले. यूपीआय पिन हा ॲपचा नसतो, खात्याचा असतो; त्यामुळे फॉर्ममध्ये मी लिहिलेला जुनाच पिन तिथेही चालला. ती ओळ थोडाच वेळ चालते, म्हणून ‘दोन मिनिटांच्या आत’ ही घाई होती. या सगळ्यात ओटीपीचा कुठेही संबंध आला नाही.

त्या संध्याकाळी खात्यातून आधी दोन आणि मग तीन हजार रुपये गेले. मी विचारले, तेव्हा त्याने लिहिले की ही रक्कम पडताळणीसाठी रोखून ठेवली आहे, उद्या संध्याकाळी दहा हजारांबरोबर परत येईल, तोपर्यंत बँकेला फोन केला तर तिकीट रद्द होईल. नव्या मोबाइलवर नोंदणी झाली की पहिले चोवीस तास साधारणपणे पाच हजारांचीच मर्यादा असते. तो मला थांबायला सांगत होता, ते ही मर्यादा संपण्यासाठी. दुसऱ्या संध्याकाळी पंचेचाळीस हजार गेले. तेव्हा मी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला. पुढच्या खात्यात शिल्लक सापडलेले बारा हजार रोखले गेले. बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते.

एटीएमचे दहा हजार मात्र चौथ्या दिवशी आपोआप जमा झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार एटीएममधून न मिळालेली रक्कम बँकेने पाच दिवसांत स्वतःहून परत करायची असते आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये द्यायचे असतात. मी ती तक्रार चारचौघांत लिहिण्याची गरजच नव्हती.

आता ओळखण्याविषयी. त्या खात्याच्या पानावर जाऊन त्याने इतरांना दिलेली उत्तरे पाहावीत. माझ्या ‘ग्राहक सेवे’ने त्याच दिवशी तीन वेगवेगळ्या बँकांच्या आणि एका विमान कंपनीच्या ग्राहकांना शब्दशः तेच वाक्य लिहिले होते. खाते कधी उघडले, हेही तिथेच दिसते. माझ्या बाबतीत ते त्याच महिन्यातले होते. ठळक नाव कोणालाही काहीही ठेवता येते, म्हणून त्याखालचे @ ने सुरू होणारे नाव अक्षरागणिक वाचावे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ओळखण्याच्या भानगडीत पडूच नये. उत्तर कोणाचेही असो, त्यातून संभाषण उघडू नये. बँकेच्या संकेतस्थळावरून तिच्या अधिकृत खात्यावर जावे आणि तिथे आपण होऊन लिहावे. तिथेही कोणी पिन मागितला, मोबाइल क्रमांक देऊन व्हॉट्सॲपवर बोलावले किंवा एसएमएस पाठवायला सांगितले, तर तिथेच थांबावे.

माझे धाकटे दीर एका सहकारी बँकेत अधिकारी आहेत. ते आजही म्हणतात, ‘वहिनी, ओटीपी देऊ नका म्हणून बँका कानीकपाळी ओरडतात, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी तरी ऐकायला नको का?’ मी ऐकले होते आणि म्हणूनच ओटीपी कोणालाही दिला नव्हता. ओटीपी बाहेरून आत येतो. माझ्याकडून जे गेले, ते आतून बाहेर गेले. आपल्या सिमवरून दुसऱ्याने दिलेला एसएमएस पाठवणे म्हणजे खात्याची किल्ली देणे आहे, हे मला एकाही बँकेच्या संदेशात वाचायला मिळाले नव्हते. अशा वेळी माणसाला बावळट ठरवणे सोपे असते, पण पुढच्या माणसाला त्याचा काही उपयोग होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे मी पहिल्याच संध्याकाळी कळवले असते, तर नुकसान पाच हजारांवर थांबले असते. म्हणून १९३० वर आणि बँकेला, दोन्हीकडे त्याच क्षणी कळवावे, तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवावी आणि डीएममधील संभाषण पुसू नये. त्याची छायाचित्रे मला पुढे उपयोगी पडली.

भाऊजींच्या शाखेत काउंटरवर ‘ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कोणालाही सांगू नका’ असा फलक आहे. ‘दुसऱ्याने दिलेला एसएमएस आपल्या मोबाइलवरून पाठवू नका’ ही ओळ त्याखाली लिहा, असे मी त्यांना गेल्या दिवाळीपासून सांगते आहे. ती ओळ अजून तिथे आलेली नाही.