आजारातून उठल्यावरचं पहिलं ताट : कळ कधी आली, ते घड्याळात बघा

डॉक्टर, मी २४ वर्षांचा आहे, तालमीत असतो. चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या, दोन सलाईन लागली. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी सकाळी नेहमीसारखं लिटरभर म्हशीचं दूध प्यालो. तास-दीड तासात पोट ढोलासारखं झालं, मुरडा आला, दोनदा पळालो. आजार परत उलटला का? वस्ताद म्हणतात, अंगात ताकद नाही, दूध सोडू नको.

ताप नाही, शौचात रक्त नाही, उलटी नाही, तर आजार उलटला असं मला वाटत नाही. तुमचं आतडं अजून दुधाला तयार नव्हतं, एवढंच.

लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं. त्यावर बारीक बारीक उंचवटे उभे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम या उंचवट्यांच्या वरच्या भागातल्या, पूर्ण वाढलेल्या पेशींवर बसलेलं असतं. जुलाबाचा जंतू किंवा विषाणू येतो तेव्हा सगळ्यात आधी हाच वरचा भाग खरवडला जातो. तीन ते पाच दिवसांत खालून नव्या पेशी वर सरकतात, अस्तर भरून येतं आणि माणसाला बरं वाटायला लागतं. पण या पेशी कोवळ्या असतात. त्यांच्यावर लॅक्टेज पुरेसं यायला आणखी एक ते चार आठवडे जाऊ शकतात. भात, अंडं, बटाटा पचतो आणि दूध तेवढं पचत नाही, असा मधला काळ असतो. त्या काळात तुम्ही लिटर रिचवलंत.

लिटरभर दुधात साधारण ५० ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्यांना दूध कायमच नीट पचत नाही अशी बहुतेक मोठी माणसंसुद्धा एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे एक कप दूध, फारशी तक्रार न होता पचवतात. तुमच्या आतड्यावर त्याच्या चौपट ओझं पडलं, तेही रिकाम्या पोटी. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून पोटात गुडगुड होतं आणि शौच पातळ होते. पुढे ती मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं तयार होतात. आतडं ताणलं जातं आणि तो ताण म्हणजेच कळ. हे सगळं व्हायला अर्धा ते दोन तास लागतात. तुमचा तास-दीड तास यात बरोबर बसतो. शौच फेसाळ होती, आंबट वास होता, जागा चुरचुरली आणि वारा सरल्यावर हलकं वाटलं, तर शंका उरत नाही.

आता करायचं काय? चार-पाच दिवस दूध पूर्ण बंद ठेवा. पेढा, बासुंदी, खवा तर अजिबात नको, कारण आटवल्यावर पाणी जातं आणि लॅक्टोज तेवढंच राहतं. दुधात पाणी घालणं हाही उपाय नव्हे. पातळ झालं तरी पेल्यात गेलेल्या दुधातली साखर तेवढीच असते. ताकदीसाठी मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेली अंडी, बटाटा, केळं घ्या. वस्तादांना सांगा, प्रथिनं अंड्यातूनही येतात. त्यानंतर जेवणावर अर्धा कप उकळलेलं दूध दोन दिवस घ्या, मग एक कप. एक कप पचला की दिवसातून दोनदा. लिटरची घाई महिनाभर करू नका. महिन्यानंतरही एका कपाला पोट फुगलं, तर आजार हे कारण नसून दूध पचवण्याची ताकद वयाबरोबर मुळातच कमी झालेली असू शकते. आपल्याकडे हे बरंच आढळतं.

जाता जाता एक. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायची हौस कोल्हापूरकराला सांगून सुटणारी नाही, हे मला माहीत आहे. मीही प्यालो आहे. पण आतडं सोललेलं असताना कच्चं दूध नको. त्यात लॅक्टोजच्या जोडीला नवे जंतूही येऊ शकतात.

माझ्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब होऊन गेले. आता खाल्लं की पोट टम्म होतं, फेसाळ शी होते. सासूबाई म्हणतात अंगावरचं दूध बंद कर, आणि दही थंड पडेल म्हणून तेही देत नाहीत.

अंगावरचं दूध बंद करू नका. त्यातही लॅक्टोज असतं, तरी जुलाबात आणि जुलाबानंतर ते चालूच ठेवायचं असतं. बहुतेक मुलांना ते सोसतं, आणि त्यातून मिळणारं पोषण व संरक्षण दुसऱ्या कशातून मिळत नाही. कमी करायचंच असेल तर वरचं गाईचं किंवा म्हशीचं दूध आठवडाभर कमी करा.

दही द्या, ताजं आणि कमी आंबट. दह्यातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं. शिवाय ते स्वतःचं लॅक्टेज सोबत घेऊन येतात आणि ते आतड्यात काम करतं. त्याच दुधाचं दही पचतं आणि दूध पचत नाही, त्याचं कारण हे. सासूबाईंना थंडीची भीती असेल तर दही फ्रीजमधून काढून लगेच देऊ नका, दोघींचंही समाधान होईल. जुलाब झालेल्या मुलांना झिंक १० ते १४ दिवस देतात. ते सुरू केलं नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर मात्र थांबू नका.

नवरात्रात नऊ दिवस उपवास केला. एक वेळ साबुदाण्याची खिचडी, चहा, कधी एखादं केळं. दसऱ्याला श्रीखंड-पुरी, भाजी, कटाची आमटी असं रीतसर जेवले. हात धुवायच्या आत कळ आली आणि संध्याकाळी पुन्हा पोट फुगलं. श्रीखंड बाधलं का? ओवा, सोडा घेतला तर चाललं असतं?

श्रीखंडावर लगेच आळ घेऊ नका. चक्का टांगताना पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. तुमच्या दोन कळा वेगळ्या आहेत आणि त्या कधी आल्या त्यावरूनच ओळखता येतात.

पहिली कळ जेवता जेवता आली. एवढ्या वेळात श्रीखंड मोठ्या आतड्यात पोचूच शकत नाही. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला ‘जागा कर’ असा निरोप जातो आणि ते जोरात आवळतं. हे प्रत्येक जेवणानंतर होतं, पण जेवण मोठं आणि तुपातेलाचं असलं की जोर वाढतो. नऊ दिवस एक वाटीवर राहिलेलं जठर सैल पडायला वेळ घेतं, म्हणून थोड्या घासांतच ते ताणल्यासारखं वाटतं. त्यात साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात चोथा नाहीच. पाणीही कमी प्यायलं गेलं असणार. मोठ्या आतड्यात नऊ दिवसांचा घट्ट मळ बसलेला, आणि मागून जोरात आवळणं. पुढे वाट नसेल तर दुखणारच. ‘उपवासात काही खाल्लंच नाही तर होणार काय’ असं म्हणत बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करणाऱ्या बायका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दरवर्षी येतात.

दुसरी, संध्याकाळची, कटाच्या आमटीची. हरभऱ्याच्या डाळीत रॅफिनोजसारख्या साखरा असतात. त्या फोडायचं एन्झाइम माणसाजवळ नसतंच, धडधाकट माणसाजवळही नाही. चार-सहा तासांनी त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणू त्यांचा गॅस करतात. डाळ भिजवून ते पाणी ओतून टाकलं तर त्यातल्या काही साखरा निघून जातात. पण कट म्हणजे डाळ शिजवलेलं पाणीच, आणि नेमकं तेच आपण आमटीला घेतो!

ओव्याने थोडा आराम पडतो, घ्या. सोडा नको. जठरातल्या आम्लात सोडा पडला की आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ढेकर येते, ती बहुतेक त्याच नव्या गॅसची.

पुढच्या वर्षी उपवासात राजगिरा, रताळं, भोपळा आणि भरपूर पाणी ठेवा. दसऱ्याला नेहमीच्या एक तृतीयांश जेवा, तीन तासांनी पुन्हा तेवढंच. आमटी रात्रीला.

आई ५४ वर्षांची. पर्युषणात आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर अठ्ठाई केली. पारण्याला मुगाचं पाणी घेतलं, ते ठीक गेलं. पण पाहुण्यांच्या आग्रहाने दुपारी शिरा, पुरी, दूध झालं. पोट फुगलं, तिसऱ्या दिवशी पायाला सूज आणि चालताना धाप. हे गॅसमुळे का?

पोट फुगणं गॅसमुळे असेल. सूज आणि धाप गॅसमुळे होत नाही. हा मजकूर वाचताच त्यांना दवाखान्यात न्या आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या.

आठ दिवस अन्न नसताना शरीर चरबीवर चालतं. त्या काळात पेशींमधले क्षार कमी होत जातात, पण रक्तात ते ठीक दिसतात. मग एकदम शिरा-पुरीसारखं पिष्ट आणि साखर आली की इन्सुलिन वाढतं, पेशी साखर आत घेतात आणि तिच्याबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियमही ओढून घेतात. रक्तातली पातळी पडते. स्नायू, हृदय, श्वास यांवर परिणाम होतो आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, म्हणून सूज येते. हे पहिल्या काही दिवसांतच घडतं. पाच दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये, असा वैद्यकातला नियम यासाठीच आहे. मधुमेह असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर अशा उपवासाआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं.

मुगाच्या पाण्याने सुरुवात करण्याची तुमच्या घरची पद्धत अगदी बरोबर आहे. बिघडलं ते दुपारच्या आग्रहाने. मुगाचं पाणी, मग मुगाची पातळ खिचडी, आणि पुरी-शिरा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर.

टायफॉइड झाला होता, तीन आठवडे पेज आणि मऊ भातावर होतो. डॉक्टरांनी सगळं खायला परवानगी दिली, म्हणून रविवारी मटण, तांबडा-पांढरा दोन्ही हाणला. दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ लागली, ती चार तास राहिली. वारा सरला तरी कमी झाली नाही.

गॅसची कळ येते-जाते, जागा बदलते, वारा सरला की उतरते. तुमची एका जागी बसून राहिली, म्हणून मला पित्ताशयाची शंका येते. तीन आठवडे तेलतूप नसल्यावर पित्ताशयाला आवळायचं कारणच उरत नाही. पित्त साचून घट्ट होतं, त्याचा गाळ बसू शकतो. मग नारळाचं दूध, खसखस, काजू घातलेला पांढरा रस्सा आणि चरबीचं मटण एकदम आलं की पित्ताशय पूर्ण जोराने आवळतं. आत गाळ किंवा खडा असेल तर तो तोंडाशी अडकतो आणि कळ तासन्‌तास राहते, कधी उजव्या खांद्यामागे जाते. टायफॉइडचा जंतूही पित्ताशयात मुक्काम करू शकतो, म्हणून तुमच्या बाबतीत हे तपासायलाच हवं.

सहा तास उपाशी राहून पोटाची सोनोग्राफी करून घ्या. खाल्लेलं असेल तर पित्ताशय आवळलेलं असतं आणि खडा नीट दिसत नाही. तोवर रस्सा बंद. मधल्या काळात ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा आला, किंवा अचानक कळ येऊन सगळं पोट फळीसारखं कडक झालं, तर सोनोग्राफीची तारीख यायची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा. टायफॉइडमध्ये आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, विशेषतः तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि तुमचे दिवस त्याच्या जवळचेच आहेत.