स्कॅनरवरचा डीपीआय आणि निगेटिव्हमधून खरोखर निघणारा तपशील

> वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या ६ × ६ च्या कृष्णधवल निगेटिव्ह सापडल्यात, साधारण दोनशे. दोन स्कॅनर बघून ठेवलेत. एकावर ४८०० × ९६०० ऑप्टिकल आणि १९२०० इंटरपोलेटेड लिहिलंय, दुसऱ्यावर नुसतं ४८००. पहिला थोडा महाग आहे. आकडा मोठा म्हणजे फोटो जास्त शार्प येणार ना? मोठे प्रिंट काढायचे आहेत.

तुमची पोस्ट वाचली आणि पाच वर्षांपूर्वीचे माझे तीन महिने आठवले. माझ्याकडेही बाबांच्या साध्या बॉक्स कॅमेऱ्यातल्या ६ × ६ च्या निगेटिव्ह होत्या, तीनशेच्या आसपास, आणि मीही खोक्यावरचा आकडा बघूनच स्कॅनर घेतला होता.

१९२०० विसरून जा. तो आकडा सॉफ्टवेअरचा असतो. मोजलेल्या दोन बिंदूंच्या मध्ये अंदाजाने नवे बिंदू भरायचे, एवढंच ते काम. फाइल फुगते, फोटोत नव्याने काहीही येत नाही. हेच काम घरच्या संगणकावर फुकट होतं. ४८०० × ९६०० मधला ९६०० हाही मोटरचा आकडा आहे. सेन्सरची पट्टी काचेखालून किती बारीक पावलांनी सरकते ते तो सांगतो. म्हणजे तुमचे दोन्ही स्कॅनर कागदावर ४८०० चेच.

माझी खरी फसगत मात्र त्या ४८०० मध्येच झाली. ४८०० ऑप्टिकल याचा अर्थ सेन्सर एका इंचात ४८०० ठिकाणी मोजतो. समोरची लेन्स तितकं बारीक चित्र सेन्सरवर पाडते की नाही, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. फ्लॅटबेडमध्ये एक छोटी लेन्स साडेआठ इंच रुंद काच सांभाळते, त्यामुळे बहुतेकांमध्ये लेन्सच आधी हार मानते. स्वतंत्र चाचण्यांमध्ये एपसनच्या व्ही ६०० मधून, ज्याच्यावर ६४०० लिहिलंय, साधारण १५५० च्या आसपासच खरा तपशील निघाला. व्ही ८५० वरही ६४०० च लिहिलंय, त्यातून सुमारे २३०० निघाला. फिल्मसाठी लोक शिफारस करतात ते हेच दोन, मग बाकीच्यांचा अंदाज करा.

मी काय केलं? ड्रायव्हरमध्ये ९६०० निवडलं आणि सलग स्कॅन करत बसले. एका फ्रेमची ८ बिट ग्रेस्केल फाइल साडेचारशे एमबीच्या घरात. सगळं संपल्यावर आईचा एक फोटो १६ इंच चौकोनी छापून घेतला. चेहऱ्यावर सगळीकडे मऊ धुकं, साडीचे काठ विरघळलेले. वस्तू परत करायची मुदत तोवर केव्हाच उलटली होती. पहिल्याच दिवशी एक फ्रेम नीट तपासली असती, तर हे टळलं असतं. ही माझी सर्वांत महाग चूक.

मग सेवा केंद्राच्या फेऱ्या. तिथे दर वेळी एक छापील कागद काचेवर ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करायचे आणि "मशीन ओके आहे, कंपनीच्या निकषात बसतंय" असं लिहून द्यायचे. कागद काचेला टेकलेला असतो, निगेटिव्ह होल्डरमध्ये काचेच्या वर उचललेली असते. दोन्ही जागी फोकस सारखाच असेल असं नाही. हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी मला वरचं मॉडेल घ्यायचा सल्ला मिळाला. दोन महिने असेच गेले, याचा राग अजून आहे.

शेवटी उपाय घरीच सापडला. यूएसएएफ १९५१ नावाचं एक चाचणी-पट्ट आणलं. काचेवर कोरलेले तीन-तीन रेघांचे घटक असतात, सहा घटकांचा एक गट, उत्तरोत्तर बारीक. फिल्मच्या जागी ते ठेवून स्कॅन करायचं आणि कोणत्या गटातल्या कोणत्या घटकापर्यंत तीन रेघा सुट्या दिसतात ते बघायचं. मग हे गणित:

```
lp/mm = 2^(group + (element-1)/6)
dpi   = lp/mm × 50.8
```

माझ्याकडे गट ४, घटक १ नंतर रेघा एकमेकींत मिसळत होत्या. म्हणजे रेघांच्या १६ जोड्या प्रति मिलिमीटर, साधारण ८१३ डीपीआय. ४८०० च्या मशीनमधून! मग होल्डरच्या चारी कोपऱ्यांखाली साध्या झेरॉक्स कागदाचे तुकडे ठेवत गेले. एक कागद सुमारे ०.१ मिमीचा. पाच कागदांवर फरक जाणवला, दहावर चित्र सर्वांत कडक आलं, पंधरावर पुन्हा मऊ पडलं. दहा कागदांवर गट ४, घटक ५ पर्यंत रेघा सुट्या दिसल्या, म्हणजे जवळपास १२९०. एक मिलिमीटर उंचीने दीडपटीहून जास्त तपशील दिला. यावरून कळेल की होल्डरची उंची बदलता येणं हे खोक्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

छपाईचा हिशेब असा: ६ × ६ ची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमीची, म्हणजे २.२ इंच. १२९० ने गुणलं की २८४० च्या आसपास खरे पिक्सेल. ३०० ने छापलं तर साडेनऊ इंच उत्तम. १६ इंचांना इंचामागे १७८ उरतात, भिंतीवर लांबून चालतं. आईचा फोटो आता तसाच लावलाय.

पट्ट नसेल तर सर्वांत बारीक तपशिलाची निगेटिव्ह ४८०० ला स्कॅन करा आणि इमेजमॅजिक या फुकट प्रोग्रॅममध्ये ती लहान करून पुन्हा मोठी करा:

```
magick a.tif -resize 25% -resize 400% b.tif
```

a आणि b शेजारी ठेवून शंभर टक्क्यांवर बघा. फरक दिसला नाही तर १२०० च्या वरचे आकडे तुमच्यासाठी फक्त डिस्क भरणारे. मात्र ही चाचणी करताना ड्रायव्हरमधलं शार्पनिंग (अनशार्प मास्क) बंद ठेवा. अनेकदा ते आधीच चालू असतं आणि कडांना कृत्रिम धार देऊन फसवतं. आणि निगेटिव्हच मुळात मऊ असेल तर स्कॅनरला दोष देऊ नका. साध्या बॉक्स कॅमेऱ्याच्या एकभिंगी लेन्समधून फार काही फिल्मवर उतरलेलंच नसतं.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: झाकणात दिवा नसलेला स्कॅनर तुमच्या कामाचा नाही, त्यामुळे पातळ सीआयएस स्कॅनर बाद. ते सपाट फोटो-कागदासाठी चांगले असतात, पण काचेपासून जरा वर काही असलं की लगेच धूसर होतं. सीसीडीवाला घ्या. बजेट असेल तर उंची बदलता येणाऱ्या होल्डरचा, नसेल तर तुमचा "नुसतं ४८००" वाला आणि झेरॉक्सचे कागद. महागड्यासाठी जास्त पैसे मोजायचं मला एकही कारण दिसत नाही. ३५ मिमीच्या निगेटिव्ह असत्या तर फ्लॅटबेड न घेता फिल्म स्कॅनरच सुचवला असता.

हे सगळं माझ्या एका मशीनवरचं आहे. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फोकसची उंची वेगळी निघू शकते, म्हणून माझे दहा कागद तुम्हाला सहा किंवा बारा लागतील. आणि एक, विषय सोडून: निगेटिव्ह पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नका. कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत, घट्ट डब्यात ठेवा.

बाबांचा कॅमेरा कोणता होता ते आठवतं का? त्यावरून सांगता येईल की १६ इंचांचा हट्ट धरण्यात अर्थ आहे की नाही.